कथा (मेसेजमधून) : न्हाणीखालची ओल

हरभटरोडकर

कथा पूर्ण मेसेजमध्येच आहे, मध्ये निवेदन नाही. माणसं काल्पनिक, सांगलीतला गावभाग खरा. घरमालक माने काका तळमजल्यावर राहतात, भाडेकरू ओंकार वरच्या मजल्यावर, त्याच्यावर गच्ची. एवढं धरून वाचा. आज पहिला भाग टाकतोय. पाणी कुठून गळतंय ते ओळखता आलं तर बघा. वेळा मुद्दाम दिल्या आहेत, त्या गाळून वाचू नका.

भाग १

*सोमवार*
माने, सकाळी ५:१२ : श्री. ओंकार, आमच्या देवघराच्या छताला ओल आली आहे. बरोबर वर तुमची न्हाणी येते. पाणी जपून वापरावे. कळावे.
ओंकार, ८:४० : बघतो काका. पण मला दोन बादल्यांच्या वर पाणी लागत नाही.

*बुधवार*
माने, ५:०९ : ओल ताटलीची परात झाली. काल रात्री ११ नंतर वर पाणी सुरू असल्याचा आवाज दोन वेळा आला. करारातील अट क्र. ७ वाचावी.
ओंकार, ७:५५ : रात्री ११ ला मी कुपवाडला कंपनीत होतो. या आठवड्यात नाइट आहे.
माने, ७:५६ : मग वर कोण होते?
(वाचला. उत्तर नाही.)

*रविवार*
माने, दुपारी ३:२० : आत्ता वर ठोकण्याचा आवाज आला. हत्यारांची पिशवी घेतलेला इसम जिना उतरताना पाहिला. परवानगीशिवाय टाइल फोडली असल्यास खर्च डिपॉझिटमधून वजा होईल.
ओंकार, ३:२४ : टाइल कुणी फोडलेली नाही. नळ टपकत होता. जूनमध्ये तुम्हीच म्हणालात की वायसर वगैरे भाडेकरूने बघायचं. बघितलं. १५० झाले, मी दिले.
माने, ३:३१ : टॉवेलचा रॉड पूर्वी नव्हता.
ओंकार, ३:३२ : तो चिकटवायचा आहे. भोक पाडलेलं नाही. फोटो पाठवतो.
ओंकार, ३:३३ : [फोटो]
माने, ३:४० : फोटोत कळत नाही.
ओंकार, ३:४१ : *हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*
ओंकार, ३:४९ : वर येऊन बघा.

*बुधवार*
ओंकार, रात्री ९:१५ : उद्यापासून रविवारपर्यंत गावी जतला जातोय. नळ सगळे बंद केलेत. व्हिडिओ पाठवलाय. किल्ली ठेवून जाऊ का?
माने, ९:१७ : नको. भाडेकरू नसताना त्याच्या खोलीत मी पाऊल ठेवत नाही.

*रविवार*
माने, ५:०६ : आपण नसतानाही ओल वाढली. आता भिंतीवर उतरते आहे. नळ उघडा राहिला आहे. ही बेपर्वाई आहे.
ओंकार, ६:३० : काका, आमच्या घरात टँकरचं पाणी येतं. आंघोळीचं पाणी परातीत धरून लिंबाच्या झाडाला घालतात. नळ उघडा टाकून चार दिवस गावाला जाणारा माणूस मी नाही. खोली पाहिजे असेल तर सांगा, महिनाअखेर सोडतो.
(वाचला, ६:३०. उत्तर नाही.)

---

आटेपाना

मिरजेत प्लंबिंगची कामं करतो, म्हणून राहवत नाही. पहिली गोष्ट, तो बिचारा चार दिवस गावाला असताना ओल वाढली ना, मग मोरीच्या जाळीतून किंवा टाइलच्या फटीतून उतरणारं वापराचं पाणी नाही हे. वापराचं असतं तर चार दिवसांत डाग निदान फिका पडला असता. पावसाचंही वाटत नाही, कारण गच्चीतून आलं असतं तर आधी ओंकारच्या डोक्यावर ओल दिसली असती. म्हणजे ज्या पाइपात चोवीस तास पाणी भरलेलं असतं, गच्चीवरच्या टाकीचा दाब असतो, तो भिंतीत कुठंतरी सुटलाय.

दुसरं, रात्री रिकाम्या घरात पाण्याचा आवाज. तो भुताचा नाही, फ्लश टँकचा आहे. आतलं रबर झिजलं की पाणी गुपचूप भांड्यात जात राहतं, पातळी उतरली की टँक आपोआप भरतो, त्याचा आवाज. पण ते पाणी ड्रेनेजला जातं, छताला लागत नाही. माझ्या मते लेखकानं दोन वेगवेगळ्या गळत्या घातल्यात आणि काकांनी त्या एकत्र जोडल्यात.

नियमात_बसतं

गळती कुठूनही असो, ओंकारला एवढं ऐकून घ्यायची गरज नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची. त्यानं नाही केलं तर आपण दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. संपला विषय.

पुणेस्थित

डिपॉझिटचं कसं सोडवून घ्यायचं कुणी सांगेल का? माझ्या जुन्या मालकानं रंगाच्या नावाखाली निम्मं कापलं. खिळा एकच होता, तोही आधीच्या भाडेकरूचा.

मृणालिनी_के

@पुणेस्थित, ही कथा आहे हो.

मला लिखाणाबद्दल बोलायचंय. मेसेजमधली कथा फसते कुठं, तर दोघांनाही माहीत असलेली गोष्ट ते एकमेकांना सांगायला लागतात तिथं. 'मी तुमचा घरमालक, निवृत्त अमुक-तमुक' छापाचं. ते इथं नाही. काका कोण, काय करायचे, अजून कळलेलंच नाही आणि अडलंही नाही. डिलीट केलेला मेसेज आणि पुढचा, यात आठ मिनिटं आहेत. तेवढ्यात त्या पोरानं काय-काय लिहून खोडलं असेल, ते मी माझ्या मनानं भरलं.

पण 'बेपर्वाई' हा शब्द काकांनी वापरला नसता तर बरं झालं असतं. तिथपर्यंत ते नियमाला धरून होते.

हरभटरोडकर

@मृणालिनी_के, डिलीट झालेला मेसेज मी आधी पूर्ण लिहिला होता, मगच पुसला. त्यात काय होतं ते सांगणार नाही. 'बेपर्वाई' राहू दे, ओंकारला टँकर आठवायला काहीतरी टोचायला पाहिजे होतं.

@आटेपाना, तुम्ही दुसऱ्या भागाची हवाच काढलीत.

भाग २

*सोमवार*
माने, ५:१० : ओंकार, आपला मेसेज वाचला. जतमध्ये कोणते गाव?
ओंकार, ७:०२ : डफळापूरच्या पुढं. का?
माने, ७:०४ : पाटबंधारे खात्यात असताना त्या बाजूला तलावांची पातळी घ्यायला येत असे. बहुतेक वेळा तळच मोजून यायचो.
माने, ७:०९ : चार दिवस वापर नव्हता, तरी ओल वाढली. तेव्हा प्रश्न वापराचा नाही. पाणी मोजल्याशिवाय बोलणे बरोबर नाही. या आठवड्यात पाळी कोणती?
ओंकार, ७:१५ : फर्स्ट. तीनला सुटतो.
माने, ७:१६ : रात्री दहाला गच्चीवर यावे. स्टीलची पट्टी आणि बॅटरी मी आणतो.

*सोमवार, रात्री*
माने, १०:२० : नोंद. वरच्या मजल्याची टाकी हजार लिटर, आतला व्यास ११० सेंमी. म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली की जवळजवळ एक लिटर गेले. आत पेन्सिलची खूण केली आहे. मोटार लावणार नाही. पहाटे पाचपर्यंत आपणही नळ उघडू नये.
ओंकार, १०:२२ : लघवीला लागली तर?
माने, १०:२३ : खाली यावे. अंगणातला संडास उघडा ठेवतो.

*मंगळवार*
माने, ५:०८ : ९ मिमी. साडेआठ लिटर. सर्व नळ बंद असताना.
ओंकार, ५:०९ : म्हणजे गळतंय. आणि मी नाही.
माने, ५:१५ : गळते आहे एवढे सिद्ध झाले. कुठे, ते नाही. आज फ्लश टँकचा अँगल कॉक बंद करून पुन्हा मोजू.

*बुधवार*
माने, ५:०७ : ४ मिमी.
ओंकार, ५:१२ : मग पाच फ्लशमध्ये जात होते. फ्लश टँकमध्ये हळदीचं पाणी ओतून कॉक परत सोडलाय.
ओंकार, ५:४० : भांड्यात पिवळं उतरलं. रबर गेलंय.
माने, ५:४१ : रात्रीचा आवाज त्याचा.
माने, ५:४२ : रबराचे मी देतो. उरलेले चार कुठे जातात ते बघायचे.
ओंकार, ५:४४ : आज फ्लशच्या जोडीला गिझरला जाणारा कॉक पण बंद करतो.

*गुरुवार*
माने, ५:०५ : पट्टी हलली नाही. दोनदा पाहिले.
ओंकार, ५:०६ : म्हणजे गिझरच्या पुढं. गरम पाण्याच्या लाइनीत.
माने, ५:३० : मिस्त्री शनिवारी येईल. तोपर्यंत गिझरचा कॉक उघडू नये.
ओंकार, ५:३१ : नाही उघडत. गार पाण्यानं करतो आंघोळ.
माने, ५:३३ : आमचा तांब्याचा बंब पेटलेला असतो. सहाला बादली घेऊन खाली यावे. ढलप्या ओल्या आहेत, थोडा धूर सहन करावा लागेल.

*शनिवार*
माने, दुपारी १:४८ : गिझरखालची एकच टाइल काढली. आत जुन्या लोखंडी पाइपाला नवा प्लास्टिक पाइप जोडला आहे. जोडणीचा तुकडा आट्यांपाशी चिरला आहे. नखाएवढी चीर.
ओंकार, २:१० : कुणी जोडला होता?
(वाचला, २:१०.)
माने, ४:२५ : तो जोड २०१९ च्या महापुरानंतरचा आहे. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तळमजला चिखलाने भरलेला. आम्ही दोघे तुझ्या खोलीत राहायला आलो. हिला गार पाणी सोसत नसे. बाजारात पितळी आट्याचा तुकडा मिळेना, म्हणून मी स्वतः उभा राहून प्लास्टिकचा घालून घेतला. तात्पुरता.
ओंकार, ४:२६ : येतोच. भडंग आणतो, चहा टाका.
माने, ४:२७ : तुझे वायसरचे १५० या महिन्याच्या भाड्यातून वजा कर.
ओंकार, ४:२८ : काका, राहू द्या.
माने, ४:२८ : हिशेब हिशेबाच्या जागी. कर.

*पुढचा महिना*
माने, ५:०४ : डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली होती. ओल रेघेच्या चार बोटे आत आली आहे.
ओंकार, ५:५० : रंग कधी काढायचा?
माने, ५:५१ : पूर्ण वाळल्यावर. घाई नाही. आयर्विन ३१ फूट. कोयनेतून विसर्ग वाढवला आहे.
ओंकार, ५:५३ : ३५ झाले की उठवा. धान्याचे डबे आधी वर घेऊ. इशारा पातळी येईपर्यंत थांबायचं नाही.
माने, ५:५४ : इशारा ४० ला असतो, मला शिकवू नकोस. पाचला उठत जा, म्हणजे उठवावे लागणार नाही.

(समाप्त)

---

आटेपाना

तीन रात्रींची मोजणी पटली. गिझरचा कॉक बंद केल्यावर पट्टी हलली नाही, तिथं मी खुर्चीत सरळ बसलो. लोकांना वाटतं गरम पाण्याची लाइन गिझर चालू असतानाच भरलेली असते. तसं नाही, बटण बंद असलं तरी टाकीचा दाब गिझरमधून त्या लाइनीत असतोच.

चिरलेला तुकडाही नेहमीचा. लोखंडी आट्यावर प्लास्टिकचे आटे आवळले की पहिल्या दिवशी काही दिसत नाही. थोडं जास्त आवळलेलं असतं, त्यात रोज गरम-गार होतं, आणि काही वर्षांनी चीर पडते. पितळी आटे बसवलेला तुकडा त्याच्यासाठीच येतो.

एकच शंका. टाकीच्या आत पेन्सिलच्या खुणेनं एक-दोन मिलिमीटर पकडणं अवघड आहे. टाकी घडीघडीची असते, पाणी हलतं. नऊ आणि चार यातला फरक कळेल, पण चार आणि शून्य यातला कळायला हात स्थिर पाहिजे. काका पाटबंधाऱ्यातले, म्हणून सोडून देतो. घरी कुणाला करायचं असेल तर त्यांनी मीटरला बघावं, म्हणजे टाकीनंतर मीटर असेल तर. बहुतेकांकडे तो टाकीच्या आधी असतो, मग पट्टीच.

गच्चीवरचा_वारा

आमच्याकडे असाच डाग होता. मिस्त्रीनं सांगितलं न्हाणीची अख्खी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करा. चाळीस हजार गेले. डाग अजून आहे. हे वाचून आत्ताच टाकीत पट्टी टाकून आलोय.

आटेपाना

@गच्चीवरचा_वारा, आधी एक साधी गोष्ट करा. न्हाणीची जाळी कापडानं बुजवा, फरशीवर बोटभर पाणी उभं करा, एक दिवस ठेवा, खाली डाग भिजतो का बघा. भिजला तर फरशीचा दोष. नाही भिजला तर तुमचे चाळीस हजार चुकीच्या जागी गेलेत. माफ करा, पण तसंच दिसतंय.

मृणालिनी_के

भाग २ मध्ये टाइल निघेपर्यंत काका 'आपण' आणि 'यावे'वर आहेत आणि मग 'तुझ्या खोलीत' येतं. ते लक्षात आलं, छान उतरलंय. २:१० ते ४:२५ ची गप्पही. 'हिला गार पाणी सोसत नसे' यातल्या 'नसे'वर मी थांबले. त्या बाई आता नाहीत ना? देवघरही त्यांचंच असावं.

तरी तक्रार आहेच. शेवटचा तुकडा जरा गोड झालाय. इतका ताठ माणूस पोराशी लगेच थट्टा करेल? माझ्या ओळखीतले असे काका दोस्ती झाल्यावर उलट जास्त नियम सांगायला लागतात.

हरभटरोडकर

'पाचला उठत जा' हा नियमच आहे की! बाईंबद्दल तुम्ही वाचलंत तसंच.

शामरावनगरी

गोड वगैरे काही नाही. २०१९ ला आम्ही तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर अनोळखी माणसांबरोबर काढले, आजही दिवाळीला फराळाचे डबे जातात-येतात. आयर्विनचा आकडा पाठवणारे काका प्रत्येक गल्लीत एक असतात. आमच्या गल्लीतले तर वाढला किती यापेक्षा चढतोय की उतरतोय तेच आधी लिहितात. त्यांचं बरोबर आहे. ३१ फूट चढता आणि ३१ फूट उतरता यात आमची झोप असते की नसते एवढा फरक आहे. लेखकानं ते लिहायला हवं होतं.

नियमात_बसतं

सगळं ठीक, पण ओंकारनं १५ दिवसांची नोटीस दिली असती तर त्याला गच्चीवर रात्री जागायला लागलं नसतं.

कागदपत्रे

@नियमात_बसतं, तुम्ही कलम बरोबर सांगितलंत, पण ते 'भाडेकरू'साठी आहे. हल्ली पोरांना मिळतो तो करार बहुतेक अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा असतो आणि कायद्याच्या नजरेत तो परवानाधारक, भाडेकरू नव्हे. तेव्हा कलम १४ दाखवून त्यानं भाडं कापलं असतं तर मालकानं तोच करार त्याच्यापुढं टाकला असता. अशा वेळी करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय त्यावर बरंच ठरतं. कथेत 'अट क्र. ७' आहे, पण ती काय म्हणते ते लेखकानं लपवलंय.

नियमात_बसतं

राहायला जागा दिली, पैसे घेतले, तर जबाबदारी नको? लायसन्स म्हटलं म्हणून छत गळलेलं चालतं का?

कागदपत्रे

चालतं असं मी कुठं म्हणालो? भाडं परस्पर कापण्याचा मार्ग उघडा आहे का, एवढाच माझा मुद्दा. यावर वकिलांतही एकमत दिसणार नाही. मी तरी पोराला सांगेन, कापण्याआधी करार वाच आणि जे काय बोलायचं ते लेखी बोल. ओंकारचे मेसेज एका अर्थानं लेखीच आहेत. नळ बंद केल्याचा व्हिडिओ पाठवला, ते शहाणपणाचं केलं त्यानं.

हरभटरोडकर

अट क्र. ७ : 'पाण्याचा अपव्यय करू नये.' बस, एवढीच. काकांनी सगळ्या अटी स्वतः लिहिल्यात, सतरा आहेत. बाकीच्या विचारू नका.

पुणेस्थित

त्यात डिपॉझिटची अट कितवी आहे? आणि खिळ्यांबद्दल काही आहे का?